बंदूक नको, नोंदवही द्या

*"ताई, बाराव्या वर्षापासून अंतराळाच्या जुन्या कादंबऱ्या वाचतोय, आता बावन्नावं चालू आहे. त्यांतल्या लढाया मला कधीच भावल्या नाहीत, ती पानं मी भराभर उलटतो. आवडते ती कल्पना, 'समजा असं असलं तर पुढे काय होईल' ही. भाचा म्हणाला, हल्ली गेममध्येही अशा कथा असतात. त्याने कंट्रोलर हातात दिला आणि मी अर्धा तास कुणाच्या तरी गोळ्या चुकवत पळत राहिलो. कथा कुठे होती ते कळलंच नाही. माझ्यासारख्यासाठी काही आहे का? दहा नावांची यादी नको, कुठून सुरुवात करू ते सांगा. – एक जुना वाचक"*

आऊटर वाइल्ड्सपासून करा. मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०१९ मध्ये आला. शोधताना अक्षरं नीट बघून टाका: Outer Wilds. त्याच वर्षी The Outer Worlds नावाचा दुसराच गेम आला होता. तोही बरा आहे, संवाद तर खुसखुशीत आहेत, पण त्यात बंदूक चालवावी लागते. म्हणजे नावात गफलत झाली तर पुन्हा गोळ्या चुकवणं आलं.

कुणासाठी गेम निवडायचा असला की मी एकच बघते: पुढे जाताना खेळणाऱ्याजवळ काय साठत जातं? बहुतेक गेममध्ये हत्यारं साठतात, ताकद वाढते, पैसा जमतो. कथा त्या साठ्याच्या कडेकडेने चालते, म्हणून ती तुम्हाला सापडली नाही. आऊटर वाइल्ड्समध्ये यातलं काहीच साठत नाही. पहिल्या मिनिटाला जो अंतराळपोशाख आणि जे लाकडी यान मिळतं, तेच शेवटच्या मिनिटालाही असतं. साठतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. सगळं आधीच ठाऊक असलेला माणूस यान मिळाल्यावर पहिल्याच फेऱ्यात हा गेम संपवू शकतो. मधे अडवायला एकही कुलूप नाही. तुम्हाला माहीत नसतं, इतकीच काय ती अडचण. नवख्याला साधारण पंधरा ते वीस तास लागतात आणि ते सगळे समजून घेण्यात जातात.

फेरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तुम्ही एका चिमुकल्या सूर्यमालेतले नवे अंतराळवीर आहात. चार डोळ्यांची, जंगलात लाकडी घरं बांधून राहणारी तुमची जमात, आणि तिचा अंतराळ कार्यक्रम म्हणजे खिळे ठोकून उभी केलेली यानं. तुम्ही उड्डाण करता, आणि सुरुवातीपासून बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. सगळं संपतं. मग तुम्ही त्याच शेकोटीपाशी, त्याच क्षणी जागे होता. बाकी जवळजवळ कुणालाच काही आठवत नाही. एवढं सांगितल्याने काही फुटत नाही, ते पहिल्या तासातच कळतं. सूर्य का फुटतो आणि तुम्ही परत का येता, ते शोधणं म्हणजे हा गेम.

तुम्हाला जी जुन्या धाटणीची कादंबरी आवडते, तिचं एक वैशिष्ट्य मला नेहमी जाणवतं. तिच्यात नायक दुय्यम असतो. लेखक एक 'समजा' मांडतो आणि मग हातचं राखून न ठेवता त्याचे परिणाम काढत जातो. या गेममधला जवळजवळ प्रत्येक ग्रह म्हणजे असं एकेक 'समजा' आहे. एका ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे आणि वरचं कवच तुकड्यातुकड्याने त्यात कोसळतंय. दुसऱ्यावर सगळा समुद्रच आहे, त्यावर चक्रीवादळं फिरतात आणि बेटंच्या बेटं उचलून वातावरणाबाहेर भिरकावतात. आणि हे नुसतं चित्र म्हणून रंगवलेलं नाही. तुम्ही बघत असा वा नसा, कवच पडतच असतं आणि बेटं उडतच असतात. ग्रह आपापल्या कक्षेत खरोखर फिरत असतात. घड्याळ साऱ्या विश्वाचं एकच.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. त्यात उत्तर फोडत नाही, कारण जे सांगतेय ते लांबून यानाच्या काचेतूनही दिसतं.

सूर्याच्या सगळ्यात जवळ दोन ग्रह एकमेकांभोवती फिरतात: ॲश ट्विन आणि एम्बर ट्विन. वाळूच्या घड्याळाचे दोन गोळे समजा. फेऱ्याच्या सुरुवातीला ॲश ट्विन वाळूने गच्च भरलेला असतो, वरून नुसता पिवळसर गोळा. एम्बर ट्विन मात्र उघडाबोडका, लाल दगडाचा, खोल दऱ्या आणि गुहांनी पोखरलेला. मग पहिल्यावरून दुसऱ्यावर वाळूचा एक खांब वाहू लागतो. अंतराळातून वाहणारी वाळूची नदीच ती. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी यान जागेवर थांबवून नुसती बघत बसले होते, आणि त्यात माझा तो फेरा संपला.

पुढच्या फेऱ्यात मी एम्बर ट्विनवर उतरले. तिथे कुणा प्राचीन जमातीचं एक आपत्कालीन यान कोसळून पडलंय. त्याच्यापासून दिव्यांची एक माळ निघते आणि जमिनीखाली जाते. म्हणजे वाचलेले लोक या वाटेने आत गेले. मीही गेले. वाटेत निवडुंग होते, एकाला खेटले आणि पोशाखाला भोक पडलं. ते बुजवलं, पुढे सरकले. गुहा एकीतून दुसरीत उघडत होत्या, भिंतीवर लिखाण होतं, मी वाचत होते. पायाखाली वाळू आहे हे बघितलं होतं, पण गुहेत वाळू असायचीच, म्हणून लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं की मघाशी ज्या दगडावर उडी मारून चढले होते, तो आता गुडघ्याइतका उरलाय. मागे वळले तर आलेली वाट बुजलेली. वाळू चढत गेली, छत जवळ येत गेलं आणि शेवटी त्या दोघांमध्ये चिरडून मी मेले.

शेकोटीपाशी जाग आली तेव्हा माझ्याकडे नवी वस्तू एकही नव्हती. पण आता मला ठाऊक होतं की या ग्रहावरच्या गुहा म्हणजे भरती येणारा किनारा आहे. खोलवर जायचं तर फेरा सुरू झाल्या झाल्या थेट इथेच यायला हवं, वाटेत इकडेतिकडे करायचं नाही. आणि हे डोक्यात बसलं तशी उलटी बाजूही सुचली. इकडे वाळू चढतेय म्हणजे तिकडे उतरतेय. सुरुवातीला जो पिवळा गोळा निरुपयोगी वाटला होता, त्याच्या वाळूखाली काहीतरी असणार आणि फेऱ्याच्या उत्तरार्धात ते उघडं पडणार. हा विचार मला कुणी सांगितला नव्हता. पडद्यावर बाण आला नव्हता, की अमुक ठिकाणी जा असा हुकूमही नव्हता. मी जाऊन बघितलं, आणि खरंच होतं. काय होतं ते तुम्ही बघा.

भिंतींवरच्या लिखाणाचा विषय निघालाच आहे. नोमाई नावाची ती जमात फार पूर्वी या सूर्यमालेत आली, इथे वसली, नाहीशी झाली. तुमच्याजवळ भाषांतर करणारं एक यंत्र असतं, ते लिखाणावर धरलं की मजकूर वाचता येतो. त्यांची लिपी सरळ ओळींत नाही, गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते. एकाने मुद्दा मांडला की त्याच्या वळणातून दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटते, तिच्यातून तिसऱ्याची. म्हणजे भिंत हाच वाद घालायचा फळा. वाचताना मुळापासून सुरू करा आणि फांद्या धरत बाहेर या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं होतं. ही माणसं, म्हणजे माणसं नव्हेत ती, पण मी त्यांना माणसंच म्हणते, एकमेकांची थट्टा करतात, प्रयोग फसल्याचं कबूल करतात, 'हे करणं आपल्याला शोभेल का' यावर अडून बसतात. शास्त्रज्ञांचं कामकाज इतकं खरं वाटेल असं मी फार कमी कादंबऱ्यांत वाचलंय. मजकूर इंग्रजीत आहे, पण साधा. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला अजिबात जड जाणार नाही.

आता अडचणी. त्या आहेत, आणि पहिल्या दोन तासांत बरेच जण त्यांच्यापायीच गेम सोडून देतात.

पहिली अडचण उड्डाणाची. इथे निर्वात पोकळी खरी पोकळी आहे. यानाला पुढे ढकललं की ते पुढेच जात राहतं, बटण सोडलं म्हणून थांबत नाही. गाडी चालवायची सवय असलेला माणूस ग्रह जवळ आल्यावर ब्रेक शोधतो, आणि तोवर ग्रहावर आदळलेला असतो. करायचं ते असं: जिथे जायचंय त्या ग्रहाकडे बघून त्याला लक्ष्य म्हणून पकडा. अंतर आणि वेग दोन्ही दिसू लागतात. साधारण निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवा आणि उरलेल्या निम्म्यात तेवढाच जोर उलटा लावा. ग्रह जवळ आला की Match Velocity असं लिहिलेलं दिसेल ते बटण दाबून धरा. मग ग्रहाच्या तुलनेत तुमचा वेग शून्य होतो आणि त्याच्यासमोर तुम्ही लटकून राहिल्यासारखे असता. तिथून हळूच खाली उतरायचं. हे एवढं हातात बसलं की झालं. आणि आदळलात तरी काय, यानातून बाहेर पडून तुटलेला भाग दुरुस्त करता येतो.

स्वयंचलित उड्डाणाचीही सोय आहे, ती खुशाल वापरा. फक्त ती सरळ रेषेत जाते. मधे सूर्य आला तर सूर्यातून जाते. हे तुमच्या बाबतीत एकदा घडणारच, त्याबद्दल आधीच सहानुभूती व्यक्त करून ठेवते.

कीबोर्ड-माऊसपेक्षा कंट्रोलर घ्या. भाच्याकडे आहेच. या गेममध्ये तुम्ही हळूहळू सहाही दिशांना सरकत असता आणि कंट्रोलरच्या काड्या त्यासाठीच असतात. पहिल्या दिवशी गावातून लगेच उडू नका. वेधशाळेत जाऊन उड्डाणाचे संकेतांक घ्यायचे असतात, पण तिथवरच्या वाटेवर लोक तुम्हाला एकेक काम शिकवतात: खेळण्यातलं छोटं यान उडवणं, वजन नसलेल्या गुहेत तरंगत दुरुस्ती करणं, न दिसणारा धोका कॅमेऱ्याने ओळखणं. यात पाऊण तास गेला तरी चालेल. अजून फेरा सुरूच झालेला नसतो.

वेधशाळेतल्या संग्रहालयात एक दगड ठेवलाय. त्याच्याकडे बघा, मग पाठ फिरवा, पुन्हा बघा. तो आधीच्या जागी नसतो. बघत असलात की दगड दगडासारखा पडून राहतो, नजर हटली की कुठेही. लहान पोरांना दाखवायची गंमत वाटते ती. मी हसले आणि पुढे गेले. कित्येक तासांनी, भलत्याच ठिकाणी, त्याच दगडाच्या वागण्याचे नियम एकेक करून कळत गेले आणि मी ज्या जागेला अशक्य समजत होते तिथे उभी राहिले. निरीक्षणाने वास्तव ठरतं, हे वाक्य आपण शंभर वेळा वाचलेलं असतं. इथे ते वाक्य वापरून दार उघडावं लागतं. तुम्हाला हवी असलेली मोठी कल्पना ती हीच, आणि कादंबरी ती अशी तुमच्या हातात देऊ शकत नाही.

दुसरी अडचण बावीस मिनिटांची. वेळ मोजलेला आहे म्हटलं की माणूस धावायला लागतो. धावू नका. मेलात तर हरलात असं इथे नसतं, वाचलेलं सगळं टिकतं. बावीस मिनिटांकडे एका प्रकरणाची लांबी म्हणून बघा. एका फेऱ्यात एकच ठिकाण ठरवून जायचं, तिथे जे आहे ते वाचायचं, संपलं की संपलं. वाचताना घड्याळ डोक्यावर नको असेल तर सेटिंगमध्ये वाचनाच्या वेळी काळ थांबवायची सोय आहे, ती आधीच चालू करून ठेवा. माझ्या मते प्रत्येक वाचणाऱ्या माणसाने करावी. तिच्याने गेम सोपा होत नाही, आणि भिंतीवरचा वाद निवांत वाचता येतो.

तिसरी अडचण अडकण्याची, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. अडकलात तर उत्तर शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. दुसऱ्या गेममध्ये उत्तर बघितलं तर एक कोडं वाया जातं. इथे ज्ञान हीच एकमेव किल्ली, त्यामुळे कुणीतरी सहज लिहिलेलं एक वाक्य सहा तासांचा शोध खाऊन टाकतं, आणि तो परत मिळत नाही. गेम पुसून नव्याने सुरू केला तरी तुम्हाला कळलेलं काही पुसलं जात नाही. म्हणून हा गेम खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो.

त्याऐवजी यानातल्या मागच्या भिंतीवरचा संगणक उघडा. तिथे तुमची नोंदवही असते आणि ती फेऱ्याबरोबर पुसली जात नाही. तिच्यात Rumor Mode म्हणून एक पान आहे. तुम्हाला कळलेली प्रत्येक गोष्ट एका चौकटीत, आणि कुठल्या गोष्टीवरून कुठली कळली हे दाखवणाऱ्या रेघा. ज्या जागेबद्दल नुसतं ऐकलंय, तिथे प्रश्नचिन्ह असतं. आणि एखाद्या ठिकाणी तुम्ही जाऊन आलात पण काही राहून गेलंय, तर तिथे हे वाक्य दिसतं: There's more to explore here. आपण अडकलोय असं वाटलं की आधी हे वाक्य कुठे कुठे आहे ते बघायचं. ते जिथे दिसत नाही ती जागा संपली, तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही. माझ्या अनुभवात अडकण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं: माणूस एका बंद दारापाशी तीन फेरे घालवतो आणि त्या दाराबद्दलची माहिती दुसऱ्याच ग्रहावर लिहिलेली असते. एखादी जागा उघडत नसेल तर ती सोडून दुसऱ्या ग्रहावर निघून जा. तसंच एक कागदी वही जवळ ठेवा. संगणक तथ्यं टिपतो, पण 'मग असं तर नसेल?' हा तुमचा तर्क तो टिपत नाही, आणि खरी मजा त्या तर्कांची.

एक ठिकाण भीतीदायक आहे, तेही सांगून ठेवते. डार्क ब्रॅम्बल नावाची धुक्याने भरलेली काटेरी जागा. मला स्वतःला भयकथा सोसत नाहीत आणि मी तिथे दोनदा किंचाळलेय. पण तिथली भीतीसुद्धा हाताच्या चपळाईने सुटत नाही. दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवलेली एक साधी माहिती वाचली की तिथून कसं जायचं ते कळतं. तेव्हा ती जागा शेवटी ठेवा. आणि एकंदरीत सतत फिरणाऱ्या दृश्याने डोकं गरगरतं असं असेल तर एका बैठकीत एकच फेरा खेळा, खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा.

मधूनच दम खायला एक करा. तुमच्याजवळ आवाज टिपणारी दुर्बीण असते. सूर्यमालेत तुमच्या आधी गेलेले अंतराळवीर ठिकठिकाणी शेकोटी पेटवून आपापलं वाद्य वाजवत बसलेत. कुणाची बासरी, कुणाचा बँजो, कुणाची नुसती शीळ. दुर्बीण एकेकाकडे वळवली की एकेकच ऐकू येतं. पण पुरेसं लांब गेलात आणि ते सगळे एका दिशेला आले, की सगळी वाद्यं जुळून एकच धून होते. त्यांच्यातला चर्ट हा एम्बर ट्विनवर बसून आकाशाची नोंद ठेवणारा. त्याला एकाच फेऱ्यात दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन भेटा. तो बघतो ते आकाश तुम्हीही बघा. एवढंच सांगते.

याच गेमचा Echoes of the Eye नावाचा जोडभाग २०२१ मध्ये आला. तो वेगळा विकत घ्यावा लागतो. मूळ कथा संपेपर्यंत त्याकडे बघू नका. तो जास्त अंधारा आणि जास्त भयाण आहे.

आणि समजा, चार-पाच बैठका होऊनही बोटं ऐकतच नाहीत, यान दर वेळी फुटतंय, चिडचिड होतेय. तर हट्ट करू नका, हेवन्स व्हॉल्ट घ्या. इंक्ल या स्टुडिओचा, हाही २०१९ चाच. अंतराळात तेजोमेघातून वाहणाऱ्या नद्या आहेत, त्यांवरून एक पुरातत्त्वज्ञ बाई एका यंत्रमानवाला बरोबर घेऊन होडीने फिरते आणि एक मृत लिपी वाचायचा प्रयत्न करते. ती लिपी गेमसाठी नीट व्याकरणासकट घडवलीय. मोठा शब्द छोट्या चिन्हांचा बनलेला असतो, त्यामुळे 'पाणी'चं चिन्ह ओळखलं की दुसऱ्या लांबलचक शब्दात ते पुन्हा दिसतं आणि तुम्ही अंदाज बांधता. गेम तुम्हाला लगेच चूक की बरोबर सांगत नाही. चुकीचा अर्थ घेऊन तुम्ही बराच काळ पुढे जाऊ शकता, त्यावर इतिहासाची आख्खी इमारत उभारू शकता, आणि मग एखाद्या शिलालेखात तोच शब्द असा काही येतो की सगळं ढासळतं. ज्ञान असं घडतं आणि असं बिघडतं, हा त्याचा विषय. मारामारी नाही, घाई नाही. दोष एकच: होडीचे प्रवास लांबतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर कंटाळा येतो. त्या वेळात सोबतच्या यंत्रमानवाशी बोलत राहा, बऱ्याच गोष्टी त्याच गप्पांत निघतात.

या दोन्हींतून बाहेर पडलात की मग एक म्हातारा गेम. तुमच्या आवडीच्या पुस्तकांच्या पंगतीत शोभेल असा. १९८५ मध्ये इन्फोकॉम कंपनीने A Mind Forever Voyaging काढला, लिहिणारा स्टीव्ह मेरेत्स्की. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. तुम्ही टाईप करता, तो उत्तर देतो. यात तुम्ही एक संगणक आहात. आपण माणूस आहोत असं समजून वाढवलेला संगणक. शास्त्रज्ञ तुम्हाला भविष्यातल्या एका गावाच्या प्रतिकृतीत पाठवतात: एक राजकीय योजना अमलात आली तर दहा वर्षांनी इथे काय दिसेल ते बघून या. तुम्ही रस्त्यांवरून फिरता, घरी जाता, वर्तमानपत्र वाचता, नोंद करून आणता. मग आणखी दहा वर्षं पुढे. तेच रस्ते, तेच घर. कोडी जवळजवळ नाहीतच, सगळा भर बघण्यावर. पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर बघून पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होईल. north, read newspaper असे एक-दोन शब्दांचे हुकूम दिले की तो चालू लागतो.

राहिला भाचा. त्याने आऊटर वाइल्ड्स खेळलेला नसेल तर शेजारी बसवा: यान त्याने उडवायचं, भिंती तुम्ही वाचायच्या, वही तुमच्याकडे. ही जोडी एकट्या खेळणाऱ्यापेक्षा चांगली चालते, मी बहिणीबरोबर असाच खेळले. पण त्याने आधीच खेळलेला असेल तर त्याला त्या खोलीत येऊ देऊ नका. ठाऊक असलेला माणूस तोंडाने गप्प बसतो, पण तुम्ही चुकीच्या ग्रहाकडे निघालात की श्वास सोडतो.